डोंबिवलीतलं एक किडलेलं कपाट: काय टाकलं, काय राखलं

चौघांचं घर: सासूबाई, मुलगा-सून आणि सात वर्षांचा नातू. नातवाला दम्याचा त्रास. तांदूळ आणि कडधान्यं मे महिन्यात वर्षाची भरलेली, गहू महिन्यातून एकदा गिरणीतून दळून आणायचे, आणि हे सगळं स्वयंपाकघरातल्या एकाच लाकडी कपाटात. गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या मध्याला, सुनेला कणकेत तांबूस किडे दिसले. रव्यात जाळी होती, मुगाच्या डब्यात काळसर भुंगे होते, आणि संध्याकाळी दिवा लावला की छताशी दोन-तीन करडी पाखरं फिरायची.

धान्य साठवणीचं प्रशिक्षण देणं हे माझं काम, म्हणून तिने मला बोलावलं. तिचा पहिला प्रश्न वाचवायचं काय हा नव्हताच. "ताई, आठवडाभर आम्ही याच पिठाच्या पोळ्या खाल्ल्यात. पिलूला काही होणार नाही ना?" सासूबाईंना दुसरी काळजी होती: एवढं अन्न टाकायचं कसं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं, कोणता किडा कोणत्या जिनसात शिरलाय यावर. म्हणून आधी कपाट पूर्ण रिकामं केलं. प्रत्येक डबा वेगळ्या वर्तमानपत्रावर ओतला आणि टॉर्च व भिंग घेऊन एकेक बघितला.

कोण कुठे होतं

तांदळाच्या पिंपात १५ किलो कोलम होता, त्यात सोंडे. तपकिरी-काळा, तीन-चार मिलिमीटरचा हा किडा भिंगाखाली लगेच ओळखू येतो, कारण तोंडापुढे बारीक सोंड असते. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच खाऊन वाढते आणि महिन्याभराने पूर्ण किडा होऊन बाहेर पडते. त्यामुळे फिरणारे सगळे किडे वेचून काढले तरी पंधरा दिवसांनी पुन्हा दिसतात. ते बाहेरून आलेले नसतात, दाण्यांतून निघालेले असतात. सोंड्याला वाढायला अख्खा दाणा लागतो. मऊ पिठात तो भटकत आलेला दिसेल, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही.

कणकेत होते ते तांबडे भुंगे. आकाराने सोंड्याएवढेच, पण चपटे, लालसर आणि बिनसोंडेचे. यांचं सगळं आयुष्य पीठ, रवा, कोंडा आणि भरड यांत जातं. अख्खा दाणा फोडणं यांना फारसं जमत नाही. एक भुंगा वर्षभर किंवा त्याहून जास्तही जगतो आणि मादी बराच काळ अंडी घालत राहते. अंडी इतकी बारीक आणि पिठात माखलेली असतात की घरच्या चाळणीतून आरामात खाली पडतात. इथे कारण सरळ होतं. डबा कधीच पूर्ण रिकामा होत नव्हता, तळाच्या दोन वाट्या पिठावरच दर महिन्याला नवं पीठ ओतलं जात होतं.

मूग आणि चवळीत कडधान्याचे भुंगे होते. हे गोलसर, ठेंगणे, तपकिरी ठिपक्यांचे. यांची खूण किड्यापेक्षा दाण्यावर लवकर दिसते: मुगाच्या हिरव्या सालीवर खसखशीहून लहान पांढरा ठिपका चिकटलेला असतो. ते अंडं. त्याच्याखालूनच अळी दाण्यात शिरते आणि शेवटी स्वच्छ गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. बऱ्याचदा ही लागण शेतात, शेंगेवरच झालेली असते. त्यामुळे दुकानातून आणलेल्या चांगल्या दिसणाऱ्या मुगातूनही महिन्याभराने भुंगे निघतात.

जाळी होती ती पाखराच्या अळीची. छताशी फिरणारं पाखरू स्वतः काही खात नाही, ते थोडे दिवस जगून अंडी घालतं आणि मरतं. खाते ती त्याची मळकट पांढरी अळी, आणि खाता खाता ती रेशमाचा धागा सोडत जाते. त्यात रवा, तिची विष्ठा आणि टाकलेली कात अडकून गुठळ्या होतात. आपल्याकडे हे बहुतेक वेळा तांदळावरचं पाखरू असतं. याच पाखराच्या अळ्या कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत ज्वारी-मक्याच्या भरडीवर मुद्दाम वाढवतात, कारण पिकांवरच्या किडी आवरायला शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डांसाठी लागणाऱ्या परोपजीवी माश्या त्याच्या अंड्यांवर तयार करता येतात. भरड धान्य आणि दमट हवा मिळाली की हे पाखरू किती जोमाने वाढतं, हे त्यावरून कळावं.

जाळी रव्यात आणि शेंगदाण्यांत होती, पण मूळ तिथे नव्हतं. पाखराचं मूळ शोधायचं तर सर्वांत जुना आणि सर्वांत कमी हात लागणारा जिन्नस शोधावा. इथे ते माळ्यावर सापडलं. पक्ष्यांना घालायला आणलेली दोन किलो बाजरी गेल्या हिवाळ्यापासून तशीच पडली होती. पिशवी उघडली तर अख्खी बाजरी जाळ्यात बांधली जाऊन एकच गठ्ठा झालेली. ती पिशवीसकट मोठ्या पिशवीत बांधून त्याच क्षणी घराबाहेर काढली. ही बाजरी राहिली असती, तर खालचं कपाट कितीही धुतलं तरी पाखरं येतच राहिली असती.

पोटात गेलं तर

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर: त्या पोळ्यांनी काही बिघडणार नव्हतं, आणि बिघडलंही नाही. सोंडे, तांबडे भुंगे, कडधान्याचे भुंगे किंवा पाखराच्या अळ्या विषारी नाहीत आणि माणसाला चावत नाहीत. तव्यावर भाजलेल्या पोळीत किंवा कुकरमधल्या भातात जिवंत काही उरत नाही. सासूबाईंना वाटत होतं की अंडी पोटात जाऊन जंत होतील. जंत हे वेगळेच जीव आहेत. त्यांची अंडी बहुतेक वेळा विष्ठेने दूषित झालेल्या माती-पाण्यातून येतात. धान्यातले किडे आतड्यात जगूच शकत नाहीत.

मग किडलेलं अन्न निर्धोक म्हणायचं का? तसंही नाही. किडे खातात तसे मलमूत्रही तिथेच टाकतात. किडलेल्या कडधान्यात युरिक अॅसिड वाढतं, आणि म्हणूनच भारतीय अन्न मानकांत धान्यातल्या युरिक अॅसिडला किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. दोन-चार किडे असलेल्या मुगाची एखादी उसळ खाल्ल्याने काही होत नाही. पण अर्धे दाणे पोखरलेलं कडधान्य महिनाभर रोज खाणं वेगळं. त्यात पोषण उरलेलं नसतं आणि चवही कडवट लागते.

दुसरी गोष्ट अॅलर्जीची, आणि या घरात ती महत्त्वाची होती. किड्यांच्या विष्ठेची, कातेची आणि पंखांची धूळ श्वासावाटे गेली की दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो. म्हणून चाळायचं-पाखडायचं काम नातू शाळेत असताना, गॅलरीत आणि नाकाला फडकं बांधून करायचं ठरलं. याहून कमी माहीत असलेला जीव म्हणजे पिठातले माइट्स. डोळ्यांना ते जवळजवळ दिसत नाहीत, आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पिठात वाढतात. अॅलर्जीची प्रकृती असलेल्या काही लोकांना असं पीठ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असे प्रकार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. पीठ शिजवल्याने ती अॅलर्जी जात नाही. घावनं किंवा थालीपीठ खाल्ल्यावर असं झालं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा, हे मी सुनेला दोनदा सांगितलं.

ज्याची कुणाला काळजी नव्हती तो डबा

कपाटातला सर्वांत धोक्याचा जिन्नस कणीक नव्हती. तो होता किलोभर शेंगदाण्यांचा प्लास्टिकचा डबा. वरच्या थरात थोडी जाळी, एक-दोन अळ्या. सासूबाईंचं म्हणणं होतं की जाळी काढून दाणे खमंग भाजले की कूट करता येईल. किड्यांपुरतं ते बरोबरच होतं, भाजल्यावर अळी राहत नाही.

पण दाणे तळापर्यंत ओतले तेव्हा खालच्या मूठभर दाण्यांवर हिरवट-करडी पूड दिसली. काही दाणे सुरकुतलेले होते, आणि एक दाणा उकलल्यावर दोन डाळिंब्यांच्या मधल्या पोकळीत तीच हिरवट बुरशी. वास कुबट. जाळी आणि बुरशी यांत पुष्कळ जण गोंधळतात, म्हणून इथे थांबून नीट बघावं. जाळीचा धागा टाचणीने उचलला तर ताणला जातो आणि त्याला दाणे लटकतात. बुरशी ताणली जात नाही, बोट लावलं की पूड होते, आणि तिला रंग असतो: हिरवा, करडा, पिवळट किंवा काळा.

किडे आणि बुरशी यांचा संबंध आहे. मोठ्या संख्येने किडे एका जागी वाढले की त्यांच्या श्वासोच्छ्वासातून ऊब आणि ओल तयार होते. पोखरलेल्या दाण्याची साल फुटलेली असते. पावसाळ्याची दमट हवा त्यात मिळाली की बुरशीला आत शिरायला वाट मोकळी. शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. त्याचा मार यकृतावर बसतो, आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसं दगावली. ते मक्याचं दूषण फार मोठं होतं, एका डब्यातल्या दाण्यांची त्याच्याशी बरोबरी नाही. पण विष तेच, आणि घरच्या भाजण्याने किंवा उकळण्याने ते भरवशाने नष्ट होत नाही. वरची बुरशी पुसली तरी ते दाण्यात राहतं.

म्हणून शेंगदाण्यांचा पूर्ण डबा गेला, वरचे चांगले दिसणारे दाणेसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "निदान खालच्या गाईला तरी घालते." त्यालाही मला नाही म्हणावं लागलं. गाईने बुरसलेलं खाल्लं की त्या विषाचं एक रूप तिच्या दुधात उतरतं. कोंबड्यांना तर अफ्लाटॉक्सिन लवकर बाधतं. नुसतं किडलेलं, पण कोरडं आणि बुरशी नसलेलं धान्य जनावरांना घालायला हरकत नसते. बुरसलेलं मात्र कुणालाही घालू नये.

पीठ: गरम पाण्याची कसोटी

कणीक चार किलो होती. सून ती चाळून वापरायला तयार होती आणि ते चुकीचंच आहे असं मी म्हणणार नाही. ताज्या पिठात दोन-चार भुंगे दिसले, पिठाचा रंग-वास नेहमीचा असला, तर चाळून दोन दिवसांत संपवायला हरकत नाही. पण हे पीठ तसं होतं का?

एका वाटीत दोन चमचे पीठ घेतलं, दुसऱ्या वाटीत शेजारणीकडचं ताजं. दोन्हींत कडकडीत पाणी घालून ढवळलं, लगेच झाकलं आणि मिनिटाभराने झाकण काढून वास घेतला. ताज्या पिठाला शिजलेल्या कणकेचा वास आला. यांच्या पिठाला झणझणीत, औषधासारखा, नाकात चढणारा उग्र वास होता. कोरडं असताना तो जेमतेम जाणवत होता, गरम पाण्याने मोकळा झाला. तांबडे भुंगे गर्दी झाली किंवा डिवचले गेले की क्विनोन जातीची रसायनं सोडतात, त्यांचा हा वास. पांढऱ्या कागदावर दोन्ही पिठं शेजारी पसरली तेव्हा यांच्या पिठावर करडी-गुलाबी झाक स्पष्ट दिसली. अशा पिठाची कणीक नीट लवचीक होत नाही, पोळी तुटते, आणि चव बिघडते ती बिघडतेच. चाळणीने किडा निघतो, ही रसायनं निघत नाहीत. चारही किलो टाकलं.

रव्याचाही निर्णय तोच, कारण मात्र वेगळं. रव्यात अळीची विष्ठा रव्याच्या कणाएवढीच असते आणि रंगही जवळपास तसाच, त्यामुळे कुठलीही चाळणी दोन्ही वेगळी करू शकत नाही. दाणा धुता येतो, पीठ आणि रवा धुता येत नाहीत. टाकायचं की राखायचं यातला निम्मा निर्णय मी याच एका फरकावर घेते.

थालीपिठाची भाजणी दीड किलो होती. त्याच कपाटात, पण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि पंधरा दिवसांपूर्वीच दळलेली. वास खमंग, किडा एकही नाही. तरी खात्री करायला थोडी भाजणी ताटलीत घेऊन उलथन्याच्या कडेने वरचा भाग अगदी सपाट केला आणि ताटली रात्रभर कोपऱ्यात, हात न लावता ठेवली. आत अळ्या किंवा भुंगे असले तर सकाळी पृष्ठभागावर बारीक रेघा आणि खळगे दिसतात. माइट्स असले तर सपाट पृष्ठभाग रवाळ, दाणेदार होतो. सुनेने सकाळी फोटो पाठवला, ताटली जशीच्या तशी होती. भाजणी वाचली. पण अंडी नसतीलच असं ताटली सांगत नाही, म्हणून भाजणी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितली.

मूग, चवळी, तांदूळ

कडधान्यासाठी मी शंभर दाणे मोजते. डब्यात तीन-चार ठिकाणांहून चिमूट चिमूट घेऊन शंभर दाणे कागदावर मांडायचे आणि भोकाचे वेगळे करायचे. चवळीत बहुतेक प्रत्येक दाण्याला भोक होतं, काहींना तीन-तीन, आणि डब्याच्या तळाशी पांढरट पिठूळ चुरा. ती टाकली. मुगात शंभरांत आठ दाणे भोकाचे निघाले आणि आणखी काहींवर अंडी. माझा अंदाज असा, आणि तो नियम नाही: दहापर्यंत असतील तर राखण्यात अर्थ आहे, पंचवीसच्या पुढे गेले की मेहनत वाया. मधल्या आकड्याला वास आणि चव बघावी. मूग तीन किलो होते, ते राखायचे ठरले.

नुसतं पाखडून भागत नाही, कारण दाण्याच्या आतल्या अळ्या राहतात. त्यांना मारायचे घरगुती खात्रीचे मार्ग दोनच, कडक थंडी किंवा कडक उष्णता. सप्टेंबरच्या डोंबिवलीत ऊन नव्हतं, म्हणून फ्रीझर. उणे १८ अंशांच्या आसपास चालणाऱ्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवलं की अंडी, अळ्या, कोष, किडे सगळे मरतात. पिशव्या किलो-किलोच्या आणि हवाबंद कराव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. दाणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे चार-सहा तास, तशीच बंद ठेवावी. थंड दाण्यावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि आपणच बुरशीला आमंत्रण देतो.

त्यानंतर मुगाला एरंडेल चोळायचं, किलोला एक चमचा. आपल्या आज्यांनी कडधान्याला तेलाचा हात लावायची पद्धत उगाच ठेवली नव्हती. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की नवीन घातलेल्या अंड्याला हवा मिळत नाही आणि ते मरतं. आधीच आत शिरलेल्या अळीवर मात्र तेलाचा भरवसा धरू नये, म्हणून आधी फ्रीझर आणि मग तेल. वापरताना गरम पाण्याने धुवायचं, रात्री भिजत घालायचं आणि तरंगणारे दाणे काढून टाकायचे. पोखरलेले दाणे आतून पोकळ असल्याने बहुतेक वर येतात. अशा मुगाला मोड थोडे कमी येतात, कारण काही दाण्यांचा अंकुरच खाल्लेला असतो. उसळीपेक्षा आमटी-खिचडीला ते बरे.

चार किलो तूरडाळीत दोन-तीन तांबडे भुंगे भटकत होते, चुरा नव्हता, वास नव्हता. तिला चाळून फ्रीझरची पाळी लावली, एवढंच.

तांदूळ १५ किलो, ते घरच्या फ्रीझरमध्ये कसे मावणार? तांदूळ वर राहतील आणि सोंडे खाली पडतील अशा भोकांच्या चाळणीने ते चाळले, खालचे किडे साबणाच्या पाण्यात पडतील अशी सोय केली, मग सुपाने पाखडून कणी आणि भुसा काढला. दर आठ दिवसांनी पुन्हा चाळायचे. दाण्यातून निघालेला सोंडा फारशी अंडी घालायच्या आधीच काढला जातो, त्यामुळे पुढची पिढी रोडावते. ऑक्टोबरचं ऊन आलं की उरलेले तांदूळ गच्चीवर घालायचे, पण नुसते पसरून नाही. उघड्या उन्हात किडे चटईच्या कडेने सावलीकडे पळतात आणि दाण्याच्या आतले तर तसेच राहतात. खाली काळं प्लास्टिक, त्यावर दोन बोटं जाडीचा थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, आणि कडा विटांनी दाबलेल्या. साडेअकरा ते चार ठेवून मधोमध थर्मामीटर खुपसून बघायचा. ५५ अंशांच्या वर तासभर टिकलं तर काम झालं, ५० च्या आत राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तांदूळ थोडे तडकतात आणि शिजवताना कणी वाढते, ते सोसायचं. पेरायचं किंवा मोड आणायचं धान्य मात्र असं तापवू नये.

कपाट, आणि पुड्यांबद्दल

डबे धुण्यापेक्षा कपाटाच्या फटींत जास्त वेळ गेला. पाखराची अळी कोष करायला अन्न सोडून दूर जाते. डब्याच्या झाकणाच्या आट्यांत, बिजागरीच्या खाचेत, फळीवर घातलेल्या कागदाखाली आणि छताच्या कोपऱ्यात तांदळाएवढे पांढरे कोष होते. ते व्हॅक्यूम क्लीनरने ओढले आणि त्याची पिशवी लगेच बाहेर टाकली. मग साबणाच्या गरम पाण्याने पिळलेलं फडकं, आणि कपाट दोन दिवस उघडं, पंखा लावून. ओलं कपाट भरणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

तांदळाला बोरिक पावडर लावायची का, असं सासूबाईंनी विचारलं, कारण त्यांच्या माहेरी लावत. मी नको म्हणाले. बोरिक अॅसिड पोटात जाणं चांगलं नाही, लहान मुलांना तर नाहीच, आणि प्रत्येक वेळी ते पूर्ण धुतलं जाईल याची खात्री कोण देणार? पाऱ्याच्या टिकड्या आणि डांबर गोळ्या अन्नाजवळ नकोतच. शेतात-गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या घरात आणणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यातून निघणाऱ्या फॉस्फिन वायूने बंद घरात माणसं मेली आहेत. कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालायला माझी हरकत नाही, त्याने नवीन किडे थोडे लांब राहतात. आत असलेले मात्र त्याने मरत नाहीत.

सहा आठवड्यांनी

पाखरं पुढचे दोन-तीन आठवडे अधूनमधून दिसली, ती छताच्या कोपऱ्यात राहून गेलेल्या कोषांतून. मग थांबली. भाजणी आणि तूरडाळ स्वच्छ राहिली. तांदळात दुसऱ्या आणि तिसऱ्या चाळणीला सोंडे निघाले, ऑक्टोबरच्या दोन उन्हांनंतर निघाले नाहीत.

मुगाच्या तीन पिशव्यांपैकी एकीत पुन्हा भुंगे झाले. विचारल्यावर कळलं की फ्रीझर भरला म्हणून ती पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीजवळ ठेवली होती. चार-पाच अंशांना या भुंग्यांची वाढ थांबते, पण आठवड्याभरात सगळे मरत नाहीत. बाहेर आल्यावर ते जिथे थांबले होते तिथून पुढे वाढले. त्या पिशवीतले शंभर दाणे मोजले तर भोकाचे चौदा. वास चांगला होता, चुरा थोडाच. पाखडून, पूर्ण आठवडा फ्रीझरमध्ये ठेवून त्या किलोची खिचडी करून संपवायची ठरली. कणीक आता पंधरवड्यापुरतीच दळून येते, आणि नवं पीठ ओतण्याआधी डबा रिकामा करून उन्हात उलटा ठेवला जातो.